दाव्याच्या पत्रातलं “घोट्याइतके पाणी” आलं कुठून?

मोजपट्टी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी विमा दाव्यांच्या पाहणीचं काम करतो, मुख्यतः घरात पाणी शिरून किंवा आगीत झालेल्या नुकसानीचं. हल्ली दाव्यासोबत येणारी घटनेची हकीकत बऱ्याचदा चॅटबॉटकडून लिहून घेतलेली असते. भाषा सफाईदार, शुद्धलेखन चोख, पण त्यात त्या घराचं असं काहीच नसतं. यात खोटं बोलणाऱ्यांपेक्षा खऱ्या माणसांचंच नुकसान होताना दिसतंय, म्हणून एक प्रकरण मांडतो. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.

वॉशिंग मशिनला पाणी देणारा पाइप फाटून घरात पाणी झालं होतं. पत्रातला मुख्य भाग असा:

“सकाळी उठल्यावर घरात घोट्याइतके पाणी साचलेले आढळले. गेल्या काही दिवसांपासून मशिनच्या मागील बाजूस किंचित ओलावा जाणवत होता. आम्ही तात्काळ मुख्य व्हॉल्व्ह बंद करून पुढील नुकसान टाळण्यासाठी आवश्यक ती सर्व खबरदारी घेतली. या दुर्दैवी घटनेत फर्निचर, इलेक्ट्रॉनिक उपकरणे व वैयक्तिक वस्तूंचे लक्षणीय नुकसान झाले.”

मी पाहणीला गेलो तेव्हा पहिल्यांदा मुख्य दाराचा उंबरा मोजला. तो फरशीपासून जेमतेम तीन सेंटिमीटर उंच होता आणि दाराखाली फट होती. म्हणजे पाणी तीन सेंटिमीटरच्या वर चढलं की बाहेर जिन्यात वाहायला लागणार. घोटा बुडेल इतकं पाणी त्या घरात साचूच शकत नाही. पार्टिकल बोर्डच्या कपाटाची खालची कड फुगली होती, आणि ओलाव्याची रेघ सगळीकडे एकाच उंचीवर, उंबऱ्याच्या पातळीला जुळणारी होती. (भिंतीच्या प्लास्टरवर ती थोडी वर चढलेली होती, पण प्लास्टर पाणी वर ओढून घेतं, त्यामुळे पातळी ठरवताना मी भिंतीवर विसंबत नाही.)

मग “काही दिवसांपासून ओलावा”. त्या घरात मशिनमागे जुन्या ओलाव्याची एकही खूण नव्हती. पाइपच्या टोकाला धातूची कडी दाबून बसवलेली असते, तिच्या शेजारीच रबर लांबीच्या दिशेने फाटलं होतं. नटाभोवती क्षाराचा पांढरा थर नव्हता. दिवसेंदिवस ठिबकत असतं तर तो हमखास दिसला असता. रंगाला फुगे नव्हते, एकात एक अशी डागांची वलयं नव्हती, कपाटामागे बुरशी नव्हती. अचानक फाटलेल्या पाइपचं याहून स्पष्ट चित्र क्वचितच बघायला मिळतं.

आता अडचण बघा. घराच्या विम्यात अचानक झालेली गळती सहसा धरतात आणि हळूहळू झिरपून झालेलं नुकसान सहसा वगळतात. अचानक झालेल्या नुकसानीचा दावा करताना या माणसाने “काही दिवसांपासून ओलावा होता” हे स्वतःच्या सहीने लिहून दिलं होतं.

मी विचारलं, “हा ओलावा कधी दिसला तुम्हाला?” ते म्हणाले, “ओलावा? नाही हो, तसं काही नव्हतं.” चॅटबॉटला त्यांनी फक्त एवढं सांगितलं होतं: पाइप फुटला, घरात पाणी, फर्निचर खराब, विम्यासाठी पत्र लिही. बाकी सगळं त्याने आपल्या मनाने भरलं होतं.

तुमच्यापैकी कोणी असं पत्र दिलं किंवा वाचलं असेल तर जरूर लिहा.

जुना मेकॅनिक

मी वॉरंटीच्या दुरुस्तीत आहे. खरं सांगायचं तर आम्ही पत्र वाचतच नाही. वस्तू उघडली की सगळं कळतं. बोर्डावर पाण्याचे डाग असले तर असले, नसले तर नसले. ग्राहकाने काय लिहिलंय याने काही फरक पडत नाही. बरं, हल्ली सगळ्याच तक्रारी सारख्या वाटतात हे मात्र खरं. “सूचनांनुसार सामान्य वापर करत असताना उपकरण अचानक बंद पडले, यावरून उत्पादकीय दोष असल्याचे स्पष्ट होते.” दोष ठरवायचं काम आमचं, तो निष्कर्ष पत्रातच येतो.

रेवती

मोजपट्टी, मग ते रात्री झोपले असताना झालं की दिवसा? पत्रात “सकाळी उठल्यावर” आहे. तेही यंत्राने घातलेलं का?

मोजपट्टी

रेवतीताई, हो, तेही. आणि ते आकड्यांतही बसत नव्हतं. मशिनच्या नळाखाली पंधरा लिटरची बादली लावून पाहिली, साधारण दीड मिनिटात भरली. म्हणजे मिनिटाला दहा लिटर. पाणी पसरलं ती फरशी सुमारे तीस चौरस मीटर. तिच्यावर तीन सेंटिमीटर पाणी म्हणजे नऊशे लिटर. म्हणजे उंबऱ्यापर्यंत पाणी यायला अंदाजे दीड तास लागणार. फाटलेल्या पाइपमधून धार उघड्या नळापेक्षा थोडी कमी पडते आणि फरशीचा उतारही असतो, त्यामुळे थोडं मागेपुढे धरा. पण आठ तासांची रात्र म्हटली तर जवळजवळ पाच हजार लिटर होतात. ते पाणी उंबऱ्यावरून जिन्यात वाहत राहिलं असतं आणि पहाटेच्या आत सगळी इमारत जागी झाली असती.

प्रत्यक्षात ते दिवसा घडलं. सगळे बाहेर गेले होते. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना जिन्यात पाणी दिसलं आणि त्यांनी यांना फोन केला. घर सोडल्यापासून फोन येईपर्यंत दोन तासांच्या आतबाहेर वेळ गेला होता. फोनच्या नोंदीत वेळ आहे आणि ती बादलीच्या हिशोबाशी जुळते.

संपूर्ण दाव्यातला सगळ्यात भक्कम पुरावा म्हणजे हा फोन. पत्रात त्याचा उल्लेखच नव्हता, शेजाऱ्यांचाही नव्हता. मला सगळ्यात जास्त वाईट त्याचं वाटलं. यंत्राने भर घातली ती खोडून काढता येते. पण जे फक्त त्या माणसालाच माहीत होतं आणि सांगायचं राहून गेलं, ते पत्रात कुठून येणार? पाहणीला आलेल्याने विचारलं नाही तर ते कायमचं बाहेर राहतं.

नंदिनी_क

मला एका गोष्टीची भीती वाटते. माझे वडील पक्षाघातानंतर लिहू शकत नाहीत. बोलतात, पण वाक्य तुटक येतं. मी नोकरीत असते, म्हणून ते फोनवर बोलतात आणि यंत्र मजकूर तयार करतं. उद्या पत्राची भाषा छापील आहे म्हणून त्यांच्यावर संशय घेतला तर? सफाईदार भाषा हा गुन्हा कसा काय?

अनिकेत

एआयने लिहिलेलं ओळखणारी सॉफ्टवेअर्स मिळतात की. कंपन्यांनी प्रत्येक पत्र त्यातून काढावं, ९० टक्के आलं की दावा बाजूला ठेवावा. इतका वेळ कशाला घालवायचा पाहणीत?

क्लेमडेस्क

अनिकेत, असं करू नये असं मी ठामपणे म्हणेन. मी दाव्यांच्या टेबलवर काम करते. ही सॉफ्टवेअर्स माणसाच्या लिखाणालाही यंत्राचं ठरवतात, विशेषतः औपचारिक आणि साच्यातलं लिखाण असेल तर. आणि विम्याची पत्रं तर पूर्वीपासून साच्यातलीच. एजंट एकच मसुदा सगळ्यांना द्यायचे, नाव आणि तारीख बदलून. “दुर्दैवी घटना” आणि “लक्षणीय नुकसान” हे शब्द यंत्राच्या आधीपासून आमच्या फायलींत आहेत. शिवाय पत्र कोणी लिहिलं यावर दावा ठरत नाही. घडलं काय यावर ठरतो.

आम्ही पत्र गुळगुळीत दिसलं की फोन करतो. प्रश्न साधा असतो: आधी कोणाला कळलं? ज्याच्या घरात खरंच पाणी शिरलं तो सरळ क्रमाने सांगत नाही. “थांबा, आधी फोन आला, नाही, त्याच्या आधी मी लिफ्टमध्ये होते, रेंज नव्हती” असं मागेपुढे होतं. स्वतःला दुरुस्त करतो. दाव्याशी संबंध नसलेल्या गोष्टी त्यात येतात: कुलूप उघडताना किल्ली हातातून पडली, मुलाचं दप्तर जमिनीवर होतं. पत्रात मात्र सगळं घड्याळाच्या क्रमाने असतं आणि प्रत्येक कृती “तात्काळ” झालेली असते. घाबरलेला माणूस तात्काळ काही करत नाही हो. आधी व्हॉल्व्ह कुठे आहे ते शोधतो.

नंदिनीताई, तुमच्या वडिलांनी तुटक वाक्यांत सांगितलेलं आमच्या दृष्टीने त्या छापील परिच्छेदापेक्षा जास्त कामाचं आहे. शक्य असेल तर त्यांचं बोलणं तसंच लिहून जोडा.

शंतनू

माझा मोबाइल पाण्यात पडला होता, वॉरंटीत बसेल का? पत्र कसं लिहू म्हणजे मान्य होईल?

जुना मेकॅनिक

शंतनू, साध्या वॉरंटीत पाणी सहसा बसत नाही. बऱ्याच फोनमध्ये सिमच्या खाचेत पाण्याने रंग बदलणारी चिकटपट्टी असते. ती लाल झाली असेल तर पत्र कसंही लिहा, उपयोग नाही. अपघाती नुकसानीचं वेगळं संरक्षण घेतलं असेल तर त्याच्या अटी बघा, आणि पाण्यात पडला तर पाण्यात पडला असंच लिहा.

रेवती

जुना मेकॅनिक, तुमचं “पत्राने काही फरक पडत नाही” मला पटलं नाही. आमचं मशिन फक्त पूर्ण भरलेलं असताना, आणि तेही पिळण्याच्या शेवटी बंद पडायचं. रिकामं चालवलं की व्यवस्थित. भाचीने तक्रार यंत्राकडून लिहून घेतली, त्यात आलं “मधूनमधून बंद पडते”. सेवाकेंद्राने रिकामं चालवून पाहिलं आणि “दोष आढळला नाही” असा शेरा मारून परत पाठवलं. दुसऱ्या वेळी आम्ही ओल्या चादरी भरून बंद पडतानाचा व्हिडिओ दिला, तेव्हा कुठे कळलं.

जुना मेकॅनिक

हे मान्य. कायमचा दोष असेल तर वस्तूच बोलते. पण येणारा-जाणारा दोष असेल तर तो कधी येतो हे ग्राहकच सांगू शकतो. गरम झाल्यावर, भार असताना, पहिल्या सुरुवातीला. “मधूनमधून” लिहिलं की आम्हाला तो परत आणता येत नाही. माझं आधीचं विधान तेवढं मागे घेतो. पण तो “उत्पादकीय दोष स्पष्ट होतो” वाला भाग मात्र नकोच. त्यापेक्षा कोणता दिवा लागला, कोणता आकडा दिसला ते लिहा.

अनिकेत

सॉफ्टवेअरचं मान्य, सोडून देतो. पण मग सरळ उपाय आहे ना. यंत्राला सांगायचं “भरपूर बारीक तपशील घाल”. किल्ली पडली, दप्तर ओलं झालं, ४ वाजून १७ मिनिटांनी आवाज आला. मग कोणाला कळणार?

मोजपट्टी

अनिकेत, हा प्रश्न मनापासून घेतो, कारण तशी पत्रंही यायला लागली आहेत. तपशील असणं पुरेसं नाही. प्रत्येक तपशिलामागे “तुम्हाला हे कसं माहीत?” या प्रश्नाला उत्तर असावं लागतं. मिनिटापर्यंत वेळ लिहिली असेल तर मी विचारतो की ही वेळ कुठून आली. खऱ्या माणसाकडे उत्तर तयार असतं: फोनची नोंद, दाराचा कॅमेरा, लिफ्टमधला मेसेज. नसेल तर तो स्वतःच म्हणतो, “अंदाजे चार”. “मोठा आवाज झाला” असं लिहिलेलं असतं आणि घरी तर कोणीच नव्हतं. मग तो ऐकला कोणी?

दुसरं म्हणजे खरा तपशील जागेवर जाऊन तपासता येतो. दप्तर ओलं झालं म्हणता, तर त्यातल्या वहीची पानं खालून किती उंचीपर्यंत लाटांसारखी झाली आहेत ते मी बघतो. उंबरा तीन सेंटिमीटर आणि दप्तर जमिनीवर उभं, तर ओल तेवढ्याच्या थोडी वरपर्यंत असायला हवी. सगळी वही सारखी भिजली असेल तर पुढचे प्रश्न येतात. मनाने घातलेला तपशील एकटा असतो, दुसऱ्या कशाशी तो जुळत नाही. जितके जास्त घालाल तितक्या जास्त ठिकाणी तो घराशी ताडून बघता येतो.

पण क्लेमडेस्क यांनी लिहिलंय त्यात एक भर घालतो. नीट क्रमाने बोलणारा माणूस खोटा, असंही धरू नये. काहीजण स्वभावानेच टापटीप बोलतात, आणि फसवणारा माणूस अडखळण्याचीही तालीम करून येतो. मी भाषेवरून फक्त काय विचारायचं ते ठरवतो. उत्तर पाइप, कपाट आणि उंबरा देतात.

शब्दांकन

मी कायद्याच्या बाजूने एक मुद्दा मांडतो. दाव्याच्या फॉर्मखाली सहसा “वरील माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे” असं लिहिलेलं असतं आणि त्याखाली तुमची सही असते. ते यंत्राने लिहिलं होतं हा बचाव तिथे चालत नाही. विमा हा पूर्ण विश्वासाचा करार मानला जातो, त्यामुळे चुकीची माहिती हेतुपुरस्सर दिली का, हा प्रश्न लगेच उभा राहतो. या प्रकरणातल्या ओलाव्याच्या वाक्याचं विशेष असं की ते दावेदाराच्याच विरोधात जाणारं होतं. फायद्यासाठी खोटं बोलला असं म्हणणं अवघड आहे. पण “घोट्याइतके पाणी” त्याच्या बाजूने झुकतं, आणि दोन्ही एकाच पत्रात आहेत. मला वाटतं कंपनीने ओलाव्याचं वाक्य सोडून द्यावं आणि घोट्याइतक्या पाण्याबद्दल खुलासा मागावा.

क्लेमडेस्क

शब्दांकन, आमच्याकडे नेमकं उलट होण्याची शक्यता जास्त. पाण्याची उंची वाढवून सांगणं लोक घाबरल्यामुळेही करतात, ती मोजमापाने दुरुस्त होते. “काही दिवसांपासून” मात्र थेट वगळलेल्या कारणात बसतं. तिथे नाकारणारा माणूस दावेदाराचं स्वतःचं लेखी म्हणणं दाखवणार. पाहणीचा अहवाल वेगळं सांगत असला तरी ते वाक्य फायलीतून जात नाही.

शब्दांकन

यावर आपलं एकमत होईल असं वाटत नाही. भौतिक पुरावा आणि दावेदाराचं लेखी म्हणणं यांत विरोध असेल तर वजन पुराव्याला द्यायला हवं, या मतावर मी कायम आहे.

नंदिनी_क

मग आता त्या गृहस्थांनी काय करायचं? आणि मी वडिलांसाठी काय करू? यंत्र वापरूच नको असं म्हणणं मला परवडणारं नाही.

मोजपट्टी

नंदिनीताई, वापरू नका असं मी म्हणणार नाही. वडिलांना आधी पत्राचा विचार न करता बोलू द्या आणि ते आहे तसं रेकॉर्ड करा. कोणी पाहिलं, कुठे उभे होते, आधी काय दिसलं, मग काय केलं. कोणती वस्तू कुठे होती आणि पाणी तिच्या कुठपर्यंत आलं, हे शक्यतो पट्टी लावून फोटोत घ्या. मग यंत्राला फक्त व्याकरण सुधारायला सांगा, आणि नवीन एकही गोष्ट घालायची नाही हे स्पष्ट सांगा. तरी ते घालतं. म्हणून तयार मजकूर वडिलांना वाक्यावाक्याने वाचून दाखवा आणि प्रत्येक वाक्याला विचारा, “हे तुम्ही सांगितलं होतं का?” नसेल तर ते वाक्य काढा, कितीही शोभून दिसलं तरी. “फर्निचर व वैयक्तिक वस्तू” असं आलं तर त्या जागी वस्तूंची नावं घाला. मूळ रेकॉर्डिंग जपून ठेवा.

त्या गृहस्थांना मी सांगितलं की माझा अहवाल जाण्याआधी पुरवणी निवेदन द्या. पहिलं पत्र परत घ्यायचा प्रयत्न करू नका, ते फायलीत आहेच. कोणतं वाक्य चुकीचं आहे ते नेमकं लिहा, पत्र कसं तयार झालं ते लिहा, शेजाऱ्यांच्या फोनची नोंद जोडा, तारीख घाला, सही करा. त्यांनी ते दिलं. माझ्या अहवालात मी पाइपचे, नटाचे आणि उंबऱ्याचे फोटो लावले आणि दोन्ही निवेदनांतला फरकही जसाच्या तसा नोंदवला. तो लपवणं माझ्या कामात बसत नाही.

रेवती

आणि मशिनचा नळ उघडा ठेवून बाहेर गेले होते, त्याचं काय? तो निष्काळजीपणा नाही धरणार?

मोजपट्टी

तो प्रश्न कंपनीने विचारलाच आहे. साधा विसर आणि जाणूनबुजून केलेलं दुर्लक्ष यांत फरक करतात, पण रेघ कुठे मारायची हे त्या त्या पॉलिसीच्या शब्दांवर असतं. पाइप किती जुना होता हेही विचारलंय. साधारण पाच वर्षांनी तो बदलावा असं बरेच उत्पादक सुचवतात. यांनी तो कधी बसवला याची पावती सापडलेली नाही. दाव्याचा निकाल अजून आलेला नाही, आला की इथेच लिहीन.

क्लेमडेस्क

पावती नसेल तर पाइप टाकून देऊ नका असं त्यांना सांगा. बऱ्याचदा रबरावरच उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं.

मोजपट्टी

बरं झालं आठवण केलीत. फाटलेला तुकडा माझ्याकडे सीलबंद आहे, पण छपाई असेल तर ती उरलेल्या लांबीवर असणार आणि ती त्यांच्याच घरी आहे. आत्ता फोन करतो.